अक्षरं आधी पोचली

काकांचं वाक्य त्यांच्याआधी मी संपवलं, तेही पडद्यावर, त्यांच्याच हनुवटीखाली, पिवळ्या अक्षरांत.

काका म्हणजे बसस्थानकावरचे उद्घोषक. सगळी नोकरी त्यांनी जाळीच्या खिडकीमागे बसून लोकांना गाड्यांपर्यंत पोचवण्यात घालवली. आवाज असा, की गाडी रखडली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, चूक आपलीच, आपण लवकर आलो. मग एका सकाळी दाढी करताना उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. हात बराचसा परत आला, जीभ मात्र अर्ध्या वाटेवर थांबली. तेव्हापासून जो तो त्यांची वाक्यं फुकटात पुरी करून देतो. दुकानात ते "सा…" म्हणाले, की दुकानदार साखर बांधून मोकळा. काकांना हवा असतो साबण. एकदा त्यांनी ती साखर त्याच्या काट्यावरच ओतली आणि 'साबण' पुरा म्हणूनच पायरी उतरले.

एका रुग्णालयासाठी आम्ही पक्षाघाताची लक्षणं सांगणारी छोटी फिल्म करत होतो आणि तिच्यात आपला अनुभव सांगायला मी काकांना बसवलं होतं. पटकथेला दोन रकाने असतात: काय दिसेल आणि काय ऐकू येईल. कुठली गोष्ट कुठल्या रकान्यात टाकायची, हे ठरवायचा पगार मला मिळतो. फिल्म लागणार होती तो रुग्णालयाच्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही दिवसभर मुका असतो, म्हणून काकांच्या बोलण्याखाली ओळी हव्याच होत्या. मी त्यांचं उत्तर धुऊन पुसून एकाच ओळीत मांडलं: 'दाढी करताना माझा हात अचानक बधिर झाला.' नावाच्या जागी पट्टी दिली: 'माजी उद्घोषक, पक्षाघाताचे रुग्ण'.

पाहायला काका-काकूंना एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. पडद्यावरचे काका "दा… दाढी…" इथवर आले, तोवर खोलीतल्या सगळ्यांचं वाचून झालं होतं. दिग्दर्शिका मॅडमनी मोबाइल काढला. काकू पर्समध्ये चष्म्याचं घर शोधायला लागल्या. खुर्चीतले काका हे सगळं बघत होते.

"थांबव."

मी थांबवलं.

"मी अजून… बोलतोय. आणि सगळे… उठून गेले."

"काका, लोकांना कळावं म्हणून लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "नाहीतर असं करू. तुम्ही दिसाल, बोलेल निवेदक. सुटसुटीत."

"मग भिंत… दाखवा. तीही… गप्प असते."

"अहो, त्यांना म्हणायचंय की…" काकूंनी सुरुवात केली.

"तू… नको." काकू लाल झाल्या आणि पर्स फाटकन मिटली.

काका माझ्याकडे वळले. "बधिर… कोण म्हणालं?"

"म्हणजे तुम्ही 'मेला' म्हणालात, पण ते जरा…"

"मेला… होता. माझा हात. तुझा… नाही. आणि ती पट्टी. रुग्ण… दिसतोय की. लिहायचं… कशाला?"

राग मलाही आला होता. रात्रीचा दिवस करून ओळी बसवल्या होत्या आणि वर शब्दांची शिकवणी. पण पट्टीचं त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. चेहरा जे सांगतो, तेच खाली लिहिलं की पाहणारा चेहरा सोडून देतो. मी 'पक्षाघाताचे रुग्ण' एवढं उडवलं. मग 'माजी'ही उडवला, कारण काका अजून त्या शब्दाकडे बघत होते.

ओळीचे तुकडे केले. 'दाढी करताना', मग 'हात', मग 'मेला'. शब्द ओठांतून सुटला की अक्षरं येणार, आधी नाही. मधल्या थांब्यांत मी कंसात '(बोलणं अडखळतं)' घातलं.

"कंसात… कोंबू नकोस मला."

"काका, टीव्ही मुका आहे. लोकांना वाटेल फिल्मच अडकली."

काकांनी पडद्यावरच्या कंसावर बोट ठेवलं. "मग… मोठ्यानं लिही."

म्हणून त्यांच्या चेहऱ्याशेजारी, ओठ झाकले जाणार नाहीत अशा बेतानं, मोठी अक्षरं आली: 'बोलणं अडखळतं. हे लक्षण आहे.' तिथे ऐकू येण्याच्या रकान्यात निवेदक नाही. बोलतील फक्त काका. रुग्णवाहिकेचा नंबर मात्र दोन्ही रकान्यांत, फिल्म उद्या आवाज असलेल्या टीव्हीवरही लागेल म्हणून: एकाला वाचता येत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही.

"लांबी वाढली," मॅडमनी पटकथा टेबलावर आपटली. "काय कापू?"

"रुग्णालयाची इमारत," मी म्हणालो. "बघणारे तिच्यातच बसलेले असणार."

"रुग्णालयवाल्यांचा फोन आला की तू घ्यायचास." त्या तणतणत बाहेर गेल्या, पण इमारत कापली गेली.

काका पायऱ्या उतरत असताना काकू मागे थांबल्या. अजून घुश्शातच होत्या. "त्यांचं सगळं बोलणं दे मला, न कापलेलं. मी मध्ये बोलते म्हणून ते मला पुरं ऐकवतच नाहीत."

"उद्या देतो," मी म्हणालो.

फिल्म लागून बरेच दिवस झाले. काकूंनी मागितलेलं अजून माझ्याकडेच आहे. फाइल मोठी आहे, मॅडमची परवानगी घ्यायचीय, मुळात माझा आळस आहे. मधूनमधून काकांचा फोन येतो.

"ते… हिला… ते…"

शब्द मला माहीत असतो, अगदी जिभेवर असतो. मी तो गिळतो.

"…रेकॉर्डिंग."

"उद्या नक्की, काका."

"उद्या… म्हणजे…" ते म्हणतात, आणि मी फोन कानाला लावून उभा राहतो.