साबणाच्या यादीतली माशी

लतिकाचा कोणावरच विश्वास नव्हता, आणि या गुणाचा तिला थोडा अभिमानही होता. उमेळे गावातल्या नव्या इमारतीत ती एकटी राहायची आणि एकटीच काम करायची. अगरबत्ती, पापड, मसाला, जे येईल त्याच्या वेष्टनाचं चित्र काढून द्यायची. दूधवाला असो की वीजबिल देणारा, दारातल्या भिंगाला डोळा लावून "कोण? कोणाकडून? काय काम?" अशी उलटतपासणी झाल्याशिवाय कडी निघत नसे.

तिला दोष तरी किती द्यायचा? नव्वद सालच्या आसपास तिने एका मसाल्याच्या पुडीचं डिझाइन छापखानेवाल्याला विश्वासाने दाखवलं होतं. पुढच्याच दिवाळीत ते दुसऱ्याच नावाने दुकानात लटकलेलं तिने पाहिलं. तेव्हापासून कागद पालथे ठेवायची तिला जी सवय लागली, ती लागलीच.

आता मात्र पालथं ठेवायलाही काही उरलं नव्हतं. आगाशीच्या नरहरीभाऊंना त्यांच्या सुकेळ्यांसाठी, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांसाठी, खोका हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या सुक्या पानात बांधून विकलेला माल त्यांना आता मुंबईच्या दुकानांत ठेवायचा होता. लतिकाने एकदा केळीचं झाड काढलं, एकदा समुद्रामागचा सूर्य काढला. दोन्ही कागद परत आले. "ताई, हे तर कॅलेंडर झालं," नरहरीभाऊ म्हणाले. "गुरुवारपर्यंत बघा. नाहीतर विरारला तो कॉम्प्युटरवाला आहे." हे काम गेलं तर तिच्या हातात दुसरं काम नव्हतं. सातिवलीच्या खोक्यांच्या कारखान्यात नोकरी तयार होती. तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या खोक्यांच्या घड्या आखायच्या.

समोरच्या वाडीत व्हॅलेरियन अंकल राहायचे. मुंबईच्या जाहिरात कंपनीत आयुष्य काढून आता केळी आणि कोंबड्या सांभाळत होते. लतिकाचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनीच तिला ओट्यावर बसवलं. "अडलीस वाटतं, बाय? ये, एक खेळ शिकवतो."

फुकट शिकवणारा माणूस! लतिकाने कान टवकारले. याचे मुंबईतले जुने मित्र असणार, आगाशीचं गिऱ्हाईक त्यांच्या घशात गेलं तर? तिने शांतपणे थाप ठोकून दिली. "साबणाचं काम आहे. साबणाचा खोका."

अंकलनी गजराचं घड्याळ समोर ठेवलं. दहा मिनिटं लावली. "गजर होईपर्यंत लिहायचं. चांगलं-वाईट बघायचं नाही, खोडायचं नाही, हात थांबवायचा नाही. काही सुचलं नाही तर सुचत नाही म्हणून लिही. पहिल्या ओळी सगळ्यांच्याच असतात, त्या संपल्या की आपल्या सुरू होतात."

लतिकाने लिहिलं. फेस. फूल. गोरी बाई. यादी कशी निर्जीव झाली, ते तिलाही दिसत होतं. खोट्या कामाला खरी कल्पना कुठून सुचणार? गजर झाल्यावर अंकलनी कागद मागितला, तेव्हा तिने तो नाइलाजाने दिला. त्यांनी तो वाचला आणि मध्येच एके ठिकाणी मिशीत हसले. तिला वाटलं, झालं, टिपून घेतलं मनात.

"आता दुसरा खेळ," ते म्हणाले. "कामाशी काही संबंध नसलेली वस्तू घ्यायची. निवडायची मात्र नाही, निवडली की मन सोयीचीच निवडतं. जी पहिली समोर येईल ती. तिचे गुण लिहायचे आणि एकेक गुण ओढूनताणून आपल्या कामाला जोडायचा. बरेचसे जुळणार नाहीत. एखादा जुळेल."

"करीन घरी," म्हणून ती उठली. स्वतःचं घड्याळ बिघडल्याचं बोलता बोलता सांगून गेली, आणि वाटेत त्याचाही पश्चात्ताप करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलाशी बसली होती, तेवढ्यात घंटी वाजली. तिने भिंगाला डोळा लावला. व्हॅलेरियन अंकल. हातात काहीतरी. टेबलावर सुकेळी उघडी पडलेली. हा माणूस आत आला की सगळं बघणार! ती श्वास रोखून उभी राहिली. अंकल थोडं थांबले, मग वाकून काहीतरी उंबऱ्याशी ठेवलं आणि जिना उतरून गेले. पावलं विरल्यावर तिने दार किलकिलं केलं. खाली त्यांचं गजराचं घड्याळ होतं.

तिला लाज वाटली. पण लाज वाटूनही हे घड्याळ ठेवण्यामागे त्यांचा हेतू काय, हा प्रश्न डोक्यात आलाच. असते एकेकाची जात.

तिने किल्ली दिली आणि या वेळी खरं काम लिहिलं: सुकेळी कशी खपतील? झाड, ऊन, समुद्र, आजी, देऊळ, आणि पेन अडलं. घड्याळ टिकटिकत होतं, थांबायचं नव्हतं. मग जे मनात होतं तेच तिने लिहिलं. कोण घेणार हे? काळं का पडलंय? जुनं आहे का? गूळ लावलाय का? चिकट कशाने? वाळवलं कुठे? माशा बसल्या असतील. केलं कोणी? गजर झाला तरी तिचा हात चालूच होता. शंका काढायला बसली की लतिकाला कोण हरवणार!

मग वस्तू. त्या दुपारी तिच्या समोर पहिली आलेली वस्तू म्हणजे दारातलं भिंग. तिने गुण लिहिले. काचेचं. काच आणि सुकेळं, जुळेना. पितळेचं कडं, म्हणजे सोनेरी किनार. ती तर मिठाईवाले लावतातच. गोल. आरपार दिसतं, तर खोक्याला गोल खिडकी. बरं आहे, पण आतला माल काळा, बघून माणूस पळेल. शेवटचा गुण: दार उघडण्याआधी आपण प्रश्न विचारतो. तिने शंकांची यादी शेजारी ओढली आणि तिला हसूच फुटलं.

गुरुवारी नरहरीभाऊंच्या हातात खोका होता. समोर छोटं दार, दारात गोल खिडकी, खिडकीतून सुकेळी दिसत होती. वर लिहिलं होतं, "कोण आहे?" खाली उत्तर, "आगाशीची सुकेळी." बाजूला पुढची उलटतपासणी. "एवढी काळी का?" "उन्हात वाळली." "गूळ लावलाय?" "गोडी केळ्याचीच." "माशा?" "जाळीखाली होती." "केलं कोणी?" इथे नरहरीभाऊंच्या घरच्यांची नावं.

नरहरीभाऊंनी खोका दोनदा फिरवला. मग डोळे बारीक करून म्हणाले, "ताई, खरं सांगा. कुठून उचललंत?"

लतिकाच्या अंगाची लाही झाली. ती तडातडा बोलणार होती, पण तेवढ्यात तिला ते ओळखीचं वाटलं. हाच प्रश्न, हेच बारीक डोळे. आठवडाभर ती अंकलकडे असंच बघत होती. "माझंच आहे," एवढंच ती म्हणाली. नरहरीभाऊंनी खोका पिशवीत घातला. काम तिचं झालं.

संध्याकाळी घड्याळ आणि एक खोका घेऊन ती वाडीत गेली. अंकलनी "कोण?" न विचारताच दार उघडलं.

"अंकल, मी खोटं बोलले होते. साबण नव्हता."

"ठाऊक आहे, बाय. साबणाच्या यादीत तू लिहिलं होतंस, 'माशा बसतात'. साबणावर कोण माशा बसवतं? आणि सुकेळीवाला आगाशीहून तुझ्याकडे येतो, हे उमेळ्यात कोंबड्यांनापण ठाऊक आहे."

"मग कोणाला बोलला नाहीत?"

"कोणाला बोलायचं?" त्यांनी खोक्याच्या खिडकीतून आत पाहिलं, वरचं वाचलं आणि मनापासून हसले. मग घड्याळ हातात घेऊन त्याची किल्ली उगाच फिरवत राहिले.

"एक विचारू? त्या दुपारी मी उभा होतो तेव्हा भिंगातला उजेड गेला. म्हणजे तू दाराशीच होतीस ना?"

लतिकाचे डोळे भरून आले. "होते," ती म्हणाली. "माझं चुकलं, अंकल."

"बस," ते म्हणाले. "चहा ठेवतो."