सकाळचा राग

आषाढात एका मंगळवारी बायको गेली. महिन्याभरात मी धारचं घर बंद केलं आणि देवासला मुलाकडे आलो.

इथे माझ्याशी बोलायला नववीतली नात होती. तिच्या वर्गात हिंदी कथास्पर्धा ठरली. विषय सरांनीच दिला होता: जुन्या पाठ्यपुस्तकात सापडलेली डायरी. गोष्ट तीनशे शब्दांची, वर्गात वाचायची, आणि वर्गानेच मतं देऊन पहिली निवडायची. गेल्या वर्षी तिची गोष्ट अर्धी होताच मुलं जांभया देऊ लागली होती. "इस बार भी ऐसा हुआ तो मैं स्कूल ही नहीं जाऊँगी, आबा."

तिच्या गोष्टीत एक जाडजूड डायरी होती, आणि डायरीत खजिन्याचा नकाशा.

"एवढी डायरी पुस्तकात मावली कशी?" मी विचारलं.

"कहानी है ना, आबा!"

"पण पुस्तक विकणाऱ्याला ती दिसली असती. ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो."

मग आम्ही डायरी खिशात मावेल एवढी केली आणि पुस्तकाच्या खाकी कव्हराखाली सरकवली. पावसाचं वर्णन काढून टाकलं. पहिल्याच वाक्यात कव्हर फाटलं. डायरी कशी असते ते दाखवायला मी तिला मराठीत एक नोंद लिहून दिली: "आज सकाळीच दादांना राग आला. शेजारी खिडकीशी जमले. मग दादांनी ताट आदळलं."

तिने अडखळत वाचलं आणि तिचे डोळे चमकले. "दादाजी गायक थे?"

"कोण?"

"सुबह का राग आया ना! पड़ोसी सुनने आए. फिर थाली पे ताल दिया."

मी हसलो, ठसका लागेपर्यंत. सून स्वयंपाकघरातून पाणी घेऊन धावली. राग म्हणजे गुस्सा आणि हे दादा म्हणजे डायरीवाल्या मुलीचे वडील, हे सांगितल्यावर नात फुगून बसली.

"मतलब मैं गधी हूँ."

"तू नाही, तुझी नायिका. आणि वर्गसुद्धा तिच्याबरोबर फसला पाहिजे."

खजिना गेला, माझी नोंद मात्र मराठीतच ठेवली. नायिका वर्गभर सांगत सुटते की माझ्या पुस्तकात एका गवयाची डायरी निघाली. खरा अर्थ आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत राखून ठेवला, तिथे शेजारच्या मराठी काकू नोंद वाचतात आणि म्हणतात, "बेटा, ये गा नहीं रहे, चिल्ला रहे हैं."

स्पर्धेच्या दिवशी ती दप्तरासकट माझ्या खोलीत शिरली. "आबा, एक मराठी लड़की पहले ही हँस पड़ी. सबने उसको चुप कराया, 'भिया, सुनने दे!' और लास्ट में तो सर भी..."

तिची गोष्ट पहिली आली होती. मागच्या बाकावरचे आता तिला 'उस्ताद' म्हणतात, आणि ती रागावत नाही.

डायरीतली पुढची पानं काय सांगतात, असं तिला वर्गात कुणीतरी विचारलं. ती पानं आता मी लिहितो. रोज संध्याकाळी एक मराठी पान, आणि नात ते मोठ्याने वाचते.