नागिणीची वेस

"नागिणीला वेस ठेवायची असती; वेस मिटली की माणूस आतच ऱ्हातो," असं नागोजी कुंभार एकदा म्हणाला होता. चाकावर माठाचा काठ वळवता वळवता म्हणाला होता. समोर दुसरं कुणी नव्हतं, फक्त बाळाबाई, त्याची बायको, मातीत मिसळायला राख चाळत बसली होती. त्याच्या हाताखाली काठ मिटत होता, गोल पुरा होत होता, आणि तो बोलत होता उघड्या ठेवायच्या वाटेविषयी. बाळाबाईला ते तेव्हाच जरा विचित्र वाटलं होतं.

त्यांचं गाव वेदगंगेच्या काठी. निपाणी तिथून बैलगाडीनं एका सकाळच्या वाटेवर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ती वर्षं. तंबाखूच्या हंगामात वाऱ्याला तिखट वास यायचा आणि माणसं उगीच शिंकायची. गावात माठ नागोजीचेच. पण लांबलांबून माणसं यायची ती माठासाठी नव्हे, नागिणीसाठी. कुणाच्या छातीच्या एका अंगाला, कुणाच्या कमरेवर लाल पट्टा उठायचा, त्यावर पाण्याच्या फोडांचे झुपके, आणि निखारा ठेवल्यासारखी आग. चिकोडीकडची माणसं त्याला सर्पसुत्तु म्हणत. सुत्तु म्हणजे वेढा. नाव वेगळं, पण भीती एकच: नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाभोवती भेटलं की माणूस संपला.

नागोजी काव, माठांना चढवतात ती लाल माती, उगाळायचा. आधी फोडांवर लाल लेप द्यायचा. मग पट्ट्याच्या दोन्ही टोकांपासून अंगाच्या दुसऱ्या बाजूला बारीक रेघ ओढत न्यायचा आणि दोन्ही रेघा भेटायच्या आधी दोन बोटं जागा कोरी सोडायचा. ती वेस. त्या वाटेनं नागीण निघून जाते. पुढच्या काही आठवड्यांत खपल्या पडायच्या, माणूस बरा व्हायचा. नागोजी कुणाकडून काही घेत नसे. पण परत आलेल्या माणसानं सदरा वर करून सुकलेली जागा दाखवली की तो ती फार वेळ बघत राही. भट्टीतून निघालेल्या, न तडकलेल्या माठाकडे बघावं तसा.

मग एका चैत्रात त्याच्याच उजव्या बरगडीखाली आग सुरू झाली.

आधी वर काहीच नव्हतं. "भट्टीची झळ लागली असंल," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उसण भरली. बाळाबाईनं तेल चोळलं तर तो असा दचकला की तेलाची वाटी लवंडली. सदऱ्याचं कापड टेकलेलंसुद्धा त्याला सोसेना. दोन दिवसांनी ती पाठीमागं बसून त्याचा सदरा वर करत होती, आणि तिचा हात थांबला.

"काय हाय गं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे हाय." तो म्हणाला, "पाण्याचं फोड हाईत का?"

"हाईत."

"मणक्यापास्नं?"

"व्हय. हितनं म्होरं बेंबीकडं आल्यात."

नागोजी हसला. "आयला, माझ्याच दारात आली की ही."

स्वतःच्या पाठीवर त्याचा हात पोचत नव्हता. इतक्या जणांची नागीण उतरवलेल्या माणसाला आता बायकोचा हात लागणार होता. त्यानं सांगितलं तशी तिनं काव उगाळली. तिनं जन्मभर माती मळली होती, माठांवर लाल रंग चढवला होता. पण या रंगात बोट बुडवायच्या आधी तिनं हात पदराला पुसला. तो पाठमोरा बसून सांगत होता, "दाब देऊ नगं. फोड फुटू देऊ नगं. आता डाव्या अंगाला रेघ ने. मागनं बी ने. थांब. काखंखाली दोन बोटं सोड. सोडलीस?"

"सोडली."

"नीट बघ."

"बघिटलं की. माझी बोटं काय तुमच्यापरीस बारीक हाईत व्हय?"

दुपार झाली. बाहेर ऊन पांढरं होऊन उभं होतं. उजवी कूस टेकवत नव्हती म्हणून तो डाव्या अंगावर निजला. घामाची धार मानेवरून उतरत होती. बाळाबाई पंख्यानं वारा घालत होती, आणि वारा घालता घालता तिलाही गुंगी आली. खोलीतल्या गारव्याला ओल्या मातीचा वास होता. कोपऱ्यातलं चाक थांबलेलं होतं, पण तिला ते फिरतंय असं वाटत होतं.

नागोजी झोपेत बोलू लागला. "वळी लांबायली... अगं, वळी थांबंना." मातीची वळी, काठ जोडायची. त्याला ती चाकावर फिरताना दिसत होती. लांब, ओली, स्वतःचं टोक शोधणारी. फिरता फिरता तिला डोळे फुटले होते. जन्मभर त्यानंच प्रत्येक वळीचं टोक टोकाला चिकटवलं होतं, अंगठ्यानं सांधा बुजवला होता, आणि आता सगळ्या वळ्या एक होऊन त्याच्या भोवती फिरत होत्या. "सांदू नगं," तो पुटपुटला, "सांदू नगं गं."

तो उठून बसला तेव्हा उन्हं कलली होती. बाळाबाईनं त्याच्या डाव्या अंगाकडे बघितलं आणि तिच्या हातातला पंखा खाली गेला.

लाल झालं होतं. काखेखाली कोरी सोडलेली जागा उरलीच नव्हती. दोन्ही रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या आणि तिथलं कातडं ओलं, तांबडं, फुगल्यासारखं दिसत होतं. तिनं पदर पुढं केला, झाकावं म्हणून. पण नागोजीनं तिचा चेहरा आधीच वाचला होता. त्यानं बोट काखेखाली नेलं, डोळ्यांसमोर आणलं. बोट लाल.

"मिटली," तो म्हणाला.

मग त्यानं जेवायचं सोडलं. भाकरीला हात लावीना. चाक लेकाकडं पोचतं कर म्हणाला, भट्टीत राहिलेले माठ काढून ठेव म्हणाला. बाळंतपणाला आलेली लेक मांडीवर पोर घेऊन दारात रडत होती, तिला म्हणाला, "रडायला काय झालं? वेस कुणाची ना कुणाची मिटतीच." आवाज अगदी साधा होता, आणि बाळाबाईला त्या साधेपणाचीच भीती वाटली. वेस तिनं ठेवली होती. मिटली ती तिच्याच हातची. हे तिला कुणी म्हटलं नाही, तोही म्हणाला नाही. पण काव उगाळलेला दगड तिनं परसात फेकून दिला.

शेजारच्या भावकूची गाडी निपाणीला जाणार होती. ती भावकूच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "भावकू, ह्यास्नी डाक्टरकडं न्यायचं."

भावकू सकाळी दारात आला. "आप्पा, ऊठ. चल."

"कशापायी? वेस मिटलिया माझी."

"मिटू दे. मरायचं तर निपाणीत मर की. वाटंत बाजार तरी दिसल."

नागोजीला हसू आलं आणि हसण्यानं बरगडीत आग उठली. शिव्या देत देतच तो गाडीत चढला.

कुंथुनाथ डॉक्टरांचा दवाखाना बाजाराच्या मागच्या गल्लीत होता. ओटीवर बाकडं, आतल्या खोलीच्या दाराला निळा पडदा. आत औषधांचा गोड-कडू वास. डॉक्टर पन्नाशीचे, शांत. त्यांनी आधी विचारलं, आग कधी सुरू झाली, फोड कधी आले, ताप आहे का. मग उजवी बाजू नीट बघितली, डावी बघितली, आणि ओल्या कापसानं डावी बाजू पुसायला लागले.

लाल रंग कापसावर आला. आणखी एक बोळा. तोही लाल. तिसरा फिकट. आणि खालून कातडं वर आलं. सुरकुतलेलं, सावळं, जसं होतं तसं. एकही फोड नाही.

बाळाबाई पुढं वाकली. तिनं स्वतःचं बोट तिथं फिरवलं. "हे काय? कुठं गेली?"

"कुठं जाणार? ती इथं आलीच नव्हती," डॉक्टर म्हणाले. "घामानं काव ओघळली, झोपेत घासली. मिटली ती तुमच्या रंगाची रेघ, नागीण नाही."

बाळाबाईनं पदर तोंडाशी धरला. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

डॉक्टर सांगत होते, "आप्पा, हा शिरेचा आजार. मणक्यातून एक शीर निघते आणि बरगडीच्या वाटेनं पुढं येते. उजवीची वेगळी, डावीची वेगळी. नागीण त्या एकाच शिरेवर चालते, म्हणून मध्यावर येऊन थांबते. वेढा घालून माणूस मारत नाही. काव लावू नका, फोड फोडू नका. घाण गेली तर पू होतो. ही पूड लावा, स्वच्छ कापडानं सैल झाका. फोड वाळून खपल्या धरेपर्यंत तान्ह्या पोराला जवळ घेऊ नका, त्याला यातून कांजण्या येतील. आग मात्र या वयात मागं राहते, कधी कधी महिनेच्या महिने. त्याला घाबरू नका. ठणक्याची गोळी देतो."

नागोजी ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "म्हंजे वेढा कुणाचा पुराच हुईत न्हाय?"

"मी तरी बघितला नाही."

"वेस ठेवली न्हाय तरी?"

"वेशीचा काय संबंध? ती आपोआप वाळते. कुणी लेप लावो, न लावो."

"आवं डाक्टर," दाराशी उभा असलेला भावकू बोलून गेला, "नागीण उतरवणारं नागोजी कुंभार म्हंत्यात त्ये हेच की!"

डॉक्टरांचा पुडी बांधणारा हात थांबला. ते काहीतरी बोलणार होते. पण नागोजी त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो समोर टाकलेल्या लाल बोळ्यांकडे बघत होता. बाळाबाईला वाटलं, सुकलेल्या जागा दाखवायला परत आलेली सगळी माणसं एका रांगेनं त्याच्यासमोरून सदरे खाली सोडत निघून चालली आहेत.

त्यानं सदरा घातला, बटणं न लावता. पुडी बाळाबाईनं घेतली. तो उठला आणि त्यानं पडदा बाजूला केला.

ओटीवर बाकड्यावर एक म्हातारी बसली होती. डावी कूस हातानं धरून, लुगडं अंगापासून जरा दूर ओढून. नागोजीला बघताच तिचा चेहरा उजळला.

"आप्पा! तुमी हितं? मी तुमच्याकडंच निघालतो बगा. लेक म्हणाली, आधी डाक्टरास्नी दाव. पर आता तुमीच गावलासा. एवढी वेस ठेवा की माझी. लई आग हुतिया वो."

नागोजी थांबला. त्याचा उजवा हात जरासा वर आला. बोटं जुळली, काव घेताना जुळतात तशी.

मग त्याच हातानं त्यानं पडदा आणखी बाजूला सारला, पुरा, आणि तसाच धरून ठेवला. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग भिंतीला धरत उठली आणि त्याच्या हाताखालून वाकून आत गेली.

त्यानं पडदा सोडला, आणि उघड्या सदऱ्यात उजवी बाजू जपत, तो पायऱ्या उतरून उन्हात चालता झाला.