दुपारी बंद असलेला राउटर

सासऱ्यांचा फोन स्वारगेटच्या गर्दीत बसमध्ये चढताना कुणीतरी लांबवला, त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून घरी आले तेव्हा ते गॅलरीत पाठ करून बसले होते. सिम बंद करणं, बँकेला कळवणं, पोलिसांत तक्रार, सगळं त्यांनी स्वतः उरकलं होतं. मी मनातल्या यादीवर खुणा करत म्हटलं, "बाबा, मग आता काळजी कसली? फोटो आणि कागदपत्रं आपल्या डब्यात आहेतच."

डबा म्हणजे हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलेलं दोन डिस्कचं यंत्र. घरातले सगळे फोन ठरलेल्या वेळी आपापले नवे फोटो नि कागदपत्रं वाय-फायवरून त्यात पाठवतात. ही व्यवस्था माझी. नवऱ्याच्या आणि माझ्या फोनची वेळ रात्रीची. पण बाबा रात्री फोन बंद करून झोपतात, म्हणून त्यांची दुपारी दोनची. जेवण झालं की ते फोन चार्जिंगला लावून आडवे होतात, हे मला ठाऊक होतं.

"दोनची?" बाबा वळले. "अगं, दोनला मी राउटर बंद केलेला असतो."

"रोज?"

"रोज. घर झोपलेलं असताना इंटरनेट कुणासाठी चालू ठेवायचं? झुरळांसाठी?"

"आणि डबा?"

"त्याला मी कशाला हात लावू? तू पाटी लावली आहेस ना!"

लावली होती खरी. 'या डब्याला हात लावू नये. पुसण्यासाठीही नाही.' बाबांनी ती अक्षरशः पाळली होती. राउटरवर पाटी नव्हती. पहिली फेरी मी समोर बसून करून घेतली होती, नंतर सगळं आपोआप होणार म्हणून डब्यातला त्यांच्या फोनचा कप्पा पुन्हा उघडून पाहिलाच नव्हता.

मी म्हटलं, "तुम्ही सगळे फोटो ग्रुपवर टाकता, तिथून मिळतील. थोडे कमी स्पष्ट, पण मिळतील."

"खडकवासल्याचा नाही मिळणार," ते म्हणाले.

तो फोटो सासूबाईंचा होता. मागच्या हिवाळ्यात दोघं धरणावर गेली होती. भाजलेलं कणीस पाहून आईंना मोह झाला, कवळी काढून रुमालात ठेवली आणि हिरड्यांनी दाणे चघळता चघळता त्या हसत सुटल्या. बाबांनी टिपलं. "हा ग्रुपवर टाकलात तर घरी येणार नाही," अशी धमकी मिळाली. बाबांनी शब्द पाळला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत आई गेल्या. म्हणजे तो फोटो जगात फक्त त्या फोनमध्ये होता.

मी पर्सही खाली न ठेवता लॅपटॉप उघडला. बाबांचा कप्पा, आत वर्ष, आत महिना. धरण, धरण, कणसाची गाडी, आणि मग आई. तोंडाचं बोळकं, डोळे मिटलेले, गालावर करपलेल्या कणसाचा काळा डाग.

बाबा चष्मा शोधत आले. तो त्यांच्या डोक्यावरच होता. बराच वेळ पडद्याकडे पाहिल्यावर म्हणाले, "मग दोनला गेला कसा?"

मी नोंदी काढल्या. जवळजवळ रोजची फेरी चारच्या पुढे झालेली होती. मग उलगडा झाला. वेळेला वाय-फाय नसेल तर काम रद्द न करता थांबून राहायचं, आणि फोन चार्जिंगवर असताना वाय-फाय आलं की सुरू करायचं, असा पर्याय मी सुरुवातीला निवडला होता. बाबा उठले की आधी राउटर लावतात, मग चहा टाकतात, आणि चहा पिऊन झाल्यावर फोन चार्जिंगवरून काढतात. दिवसाचे चार-दोन फोटो जायला तेवढा चहा पुरत होता.

"म्हणजे माझ्या चहामुळे वाचलं," बाबा म्हणाले. "आणि तू म्हणतेस, चहा कमी करा."

नवा फोन आला तेव्हा मी तो फोटो डब्यातून त्यात उतरवला, कॅमेऱ्याच्याच फोल्डरमध्ये. दुसऱ्या दिवशी चहानंतर बाबांनी विचारलं, "आता हा परत डब्यात गेला असेल. दोन झाले का?"

मी उघडून दाखवलं. एकच होता. "नाव बदललं तरी चालतं, बाबा. ते यंत्र फाइलच्या आत काय आहे ते ताडून बघतं. तंतोतंत तीच असेल तर पुन्हा घेत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "तिला एकसुद्धा नको होता."

राउटरसाठी मी पाटी तयार केली होती. ती लावली नाही. दुपारी तो अजूनही बंद असतो, आणि चार वाजता स्वयंपाकघरात भांडं वाजलं की डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. बाबांचा कप्पा मात्र आता दर रविवारी मी स्वतः उघडून बघते.