‘तपासत आहोत’

नेहमीच्या कोपऱ्यावर थोरली घराकडे वळलीच नाही. धाकटी जाऊ थबकली.

“अहो जाऊबाई, घर इकडे! ऑफिसात डोकं विसरलात का?”

“चल मुकाट्याने. रिक्षा दिसली तर हात कर.”

रस्ता खणून ठेवलेला, रिक्षा कुठून दिसणार! दोघी मातीच्या ढिगांमधून चालत राहिल्या. थोरलीचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेतेय, हे धाकटीने ओळखलं आणि झालंय तरी काय म्हणून विचारलं.

थोरली लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत होती. कॉलेजातून ताजी ताजी आलेली पोरं इंग्रजीत ईमेल लिहीत, ते गिऱ्हाइकाला जाण्याआधी तिच्या हाताखालून जात. वाक्यावाक्याला तीन टिंबं, उद्गारचिन्हांची रांग, साधा प्रश्न विचारायचा तरी ‘आय हॅव अ डाउट’. “अगं, संशय कसला घेतेस त्यांच्यावर? ‘क्वेश्चन’ लिही,” असं म्हणत ती हसतहसत निस्तरायची. क्रियापदाचा काळ मात्र ती लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय बदलत नसे. काम झालंय, चाललंय की व्हायचंय, हे आधी वदवून घ्यायची. पोरं तिला पाठीमागे ‘झडतीबाई’ म्हणत.

आज सकाळी नव्या इंजिनीअर मुलीने लिहिलं होतं, ‘वी आर चेकिंग द ब्रेक सिन्स मंडे.’

“तपासून झाला की तपासताय?” थोरलीने विचारलं.

“तपासतोय, मॅडम. ब्रेक झिजलाय. नवा भाग यायचाय.”

थोरलीने ‘हॅव बीन चेकिंग’, म्हणजे अजून तपासत आहोत, असं केलं आणि खाली एक ओळ जोडली: काम पूर्ण होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. साहेबांनी वाचलं. “गिऱ्हाइकाला रडगाणं नको,” म्हणाले. ती ओळ उडवली, ‘चेक्ड’, म्हणजे तपासून झाला, असं केलं आणि तिला न सांगता स्वतःच पाठवून दिलं.

“मग तुम्ही फोन नाही का केलात तिथे?” सगळं ऐकून धाकटीने विचारलं.

“केला ना. साहेबांनी काय पाठवलं ते ऑफिस सुटता सुटता कळलं, म्हणून बाहेर पडल्या पडल्या केला. त्यांचा मॅनेजर म्हणतो, ‘बाई, तुमच्याच कंपनीचं लेखी आलंय, तपासलं म्हणून. दुपारीच चालू केली लिफ्ट.’ आणि ठेवला.”

“कुठली इमारत?”

थोरलीने बोट केलं. समोरच दवाखान्यांची ती उंच इमारत उभी होती. संध्याकाळची वेळ, आत माणसांची रीघ. काठी टेकत आलेले एक आजोबा सुनेच्या हाताला धरून दार ओलांडत होते.

“नोकरी जाईल हो,” धाकटी पुटपुटली.

“जाईल.” थोरलीने पदर खोचला. “मी मॅनेजरकडे जाते. तू माझं एक काम कर. लिफ्टच्या दारात आडवी उभी राहा. कोणी भांडलं, शिव्या दिल्या तरी हलू नकोस. मी येईपर्यंत एकालाही आत पाऊल टाकू देऊ नकोस.”