ते रक्त ताईचं नव्हतं

माझ्या मोठ्या बहिणीचं पहिलं बाळ गेलं तेव्हा मी बारावीत होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई अंबडजवळच्या आमच्या गावी आली होती. नववा सरत आला होता. दुपारी जेवणं झाली, ती भांडी उचलायला उठली आणि तिची पाणमोट फुटली. पाण्याबरोबर रक्त आलं. लालभडक. तिचं लुगडं भिजलं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओघळ गेला.

"दुखून राह्यलं का?" मायनं विचारलं.

"न्हाई. कायीच दुखत न्हाई."

हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं. दुखत नाही म्हणजे काही वावगं नाही, असंच आम्ही समजत होतो. आप्पांनी शेजारच्यांची जीप आणली. आमच्या गल्लीतली म्हातारी सुईण आजी सोबत आली आणि आम्ही सात-आठ मैलांवरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनं ताईचं बीपी बघितलं. "बीपी बराबर आहे. कळा नाहीत. पडून राहू द्या," ती म्हणाली. मग तिनं पोटाला नळकांडं लावलं, कान लावला, जागा बदलून पुन्हा लावला. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला.

संध्याकाळी मुलगा झाला. तो रडला नाही. नुकतीच जन्मलेली बाळं लालगुलाबी असतात, हा खडूसारखा पांढरा होता.

ताई मात्र धडधाकट होती. चौथ्या दिवशी चालायला लागली आणि तेच तिच्या मुळावर आलं. एवढं रक्त गेलं, बाळ गेलं, आणि आई बरी कशी? ताईच्या सासूबाई वाटूरजवळच्या त्यांच्या गावाहून आल्या. मी त्यांना मावशी म्हणते. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "घागर उचलल्ती का हिनं?" उचलली होती. हापशावरून एक घागर, दोन दिवसांपूर्वी. मग घागर झाली, पपई झाली, ग्रहणात सुरी हातात घेतली होती का तेही झालं. मायसुद्धा एकदा म्हणाली, "तरी मी म्हणलं होतं, वाकू नको." ताई सगळ्याला मान डोलवायची. तिचं मान डोलवणं मला अजून आठवतं आणि अजून माझं डोकं फिरतं.

त्या दिवशी दवाखान्यात एक गोष्ट घडली होती. बाळामागून वार पडल्यावर सिस्टरनं ती बादलीत टाकली. पुरायची म्हणून ती सुईण आजीनं मागून घेतली आणि हौदावर धुतली. मी पाणी ओतत होते. आजी वाकून बघत राहिली. नाळ नेहमीसारखी वारेच्या मधे नव्हती. ती पाणमोटीच्या पातळ पडद्यात शिरली होती आणि तिथून उघड्या शिरा पडद्यावरून वारेकडे गेल्या होत्या. एक शीर तुटलेली होती.

"ह्ये असं न्हाई ऱ्हात, पोरी," आजी म्हणाली. "इतक्या वर्सांत दुसऱ्यांदा बघून राह्यले." तिनं सिस्टरला हाक मारली. सिस्टर म्हणाली, "आजी, पुरा ना ती जल्दी, वास येईल." आजीनं पुरली.

पुढं मी जालन्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आले. आमच्या घरातून बारावीपुढं जाणारी मी पहिली. मस्तगड भागात एका मुलीबरोबर खोली घेतली होती. वर्गात मी प्रश्न विचारत नसे, इंग्रजी नीट येत नव्हतं. पण प्रयोगवहीत आकृत्या काढताना मला हौदावरचा तो पडदा दिसायचा.

दुसऱ्या वर्षी ताईला पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली आहे असं आलं. सातवा संपता संपता पुन्हा दाखवायला सांगितलं होतं, म्हणून दाजी, मावशी आणि ताई एसटीनं जालन्याला आले. मी सोबत गेले. दवाखान्याच्या भिंतीवर मोठी पाटी होती, इथं मुलगा की मुलगी सांगितलं जात नाही.

मावशींनी मला ती वाचायला लावली आणि म्हणाल्या, "पोरगा का पोरगी ते सांगत न्हाईत, मंग बघतेत तरी काय येवढं टीव्ही लावून?"

दाजी म्हणाले, "माय, हळू बोल."

डॉक्टरबाईंनी पोटावरून तपासलं. "वार वर सरकलीय. आता काळजी नाही," त्या म्हणाल्या आणि हात पुसायला लागल्या. ताई उठून बसली. मला बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. शिकलेल्या बाईसमोर एका सुईणीचं सांगणं कसं सांगायचं? शेवटी तोंडातून निघालं, "मॅडम, पहिल्या बाळाच्या वेळी नाळ वारेत नव्हती. पडद्यात होती. शीर तुटली होती."

त्यांनी हात पुसायचं थांबवलं. "कुणी बघितलं?"

"आमच्या सुईण आजीनं. मीपण."

त्यांनी पहिल्या वेळचे कागद मागितले. ताईच्या प्लास्टिकच्या पिशवीत पाचव्या महिन्याचा एकच रिपोर्ट होता. तेव्हाही वार खालीच होती. पुन्हा तपासायला या, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. तिच्या सासरी ते कुणाला वाचता आलं नव्हतं आणि कुणी वाचून दाखवलंही नव्हतं. मीही नाही. मी तेव्हा बारावीत होते, मला ते वाचता आलं असतं.

"दर वेळी तसंच होतं असं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण बघू." त्यांनी ताईला पुन्हा झोपवलं, या वेळी आतून तपासलं आणि मशीनवर रक्ताचा प्रवाह रंगात दिसेल असं बटण दाबलं. गर्भाशयाच्या तोंडावरून एक लाल रेघ आडवी गेली होती. ती आईच्या नाडीबरोबर उडत नव्हती. बाळाच्या काळजाबरोबर उडत होती, दुप्पट वेगानं.

त्यांनी नाव सांगितलं, व्हासा प्रिव्हिया. मग सोपं करून सांगितलं. नाळेच्या शिरांना नेहमी चिकट गराचं आवरण असतं. इथं त्या उघड्या आहेत आणि बाळाच्या वाटेवर आडव्या आहेत. पाणमोट फुटली की पडद्याबरोबर शीर फाटते. आईला काहीच दुखत नाही, कारण रक्त आईचं नसतं. ते बाळाचं असतं. बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं ते पाव लिटरच्या आसपास. काही मिनिटांत संपतं.

ताईनं विचारलं, "तव्हा जल्दी जालन्याला आणलं असतं तर?"

"वाटेतच गेलं असतं. आधी कळलं असतं तरच वाचलं असतं. आता कळलंय."

घागर नाही, पपई नाही. मी मावशींकडे बघितलं. त्या पाटीकडे बघत होत्या.

मग पुढचं ठरलं. ताईनं दवाखान्याजवळच राहायचं. रक्ताचा ठिपका दिसला तरी लगेच यायचं. बाळाच्या फुप्फुसांसाठी दोन इंजेक्शनं घ्यायची आणि चौतीस आठवडे भरले की कळांची वाट न बघता सिझर. इथं मावशी उभ्याच राहिल्या. "चौतीस हप्ते म्हंजे आठवा. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत न्हाई. आन आठव्यात बाई गावाची शीव वलांडत न्हाई. आत्ताच्या आत्ता घरी चला. नववा लागल्यावर बघू."

दाजींनी पिशव्या उचलल्या. दाजी वाईट माणूस नाहीत, पण आईनं चला म्हटलं की ते पिशव्या उचलतात.

मी विचारलं, "मावशी, आठवा कधी लागतो?"

त्यांनी बोटं मोजली. "परवा."

"आन आठव्यात एसटीत बसायचं न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई."

"मंग आज हाय तिथंच ऱ्हाऊ द्या. आज गेली आन चार दिसांनी रक्त दिसलं तर आठव्यातच परत आणावं लागंल."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "कालेजात ह्येच शिकवतेत का?" त्या म्हणाल्या. पण खाली बसल्या.

ताई माझ्या खोलीवर राहिली. माझी मैत्रीण दुसरीकडे झोपायला गेली. महिनाभर ताई खाटेवर आणि मी कॉलेजातून पळत घरी. दर वेळी ती मोरीत गेली की मी दाराशी उभी. "दिसलं का गं?" "न्हाई गं बाई. आधी बसू तर दे."

सिझरच्या सकाळी दाजी आणि मावशी आले. मावशींनी दिवस मोजून आणले होते. नववा लागायला चार दिवस होते. "चार दिवस," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "चारच तर मागून राह्यले."

"चार दिवसांत पाणमोट फुटली तर?"

"फुटंल कशाला?"

काउंटरवरच्या माणसानं संमतीचा कागद दाजींपुढं सरकवला. दाजींनी आईकडे बघितलं, पेन हातात तसंच. एवढं सगळं कळल्यावर, महिनाभर मोरीच्या दारात उभं राहिल्यावर, एका मुलाचं जगणं त्या पेनावर लटकत होतं. मी ओरडणार होते, पण तेवढ्यात ताईनंच विचारलं, "मॅडम, माज्या सहीनं चालत न्हाई का?"

"चालते. तुमचीच लागते."

ताई चौथीपर्यंत शिकली होती. तिनं काना-मात्रा जपत पूर्ण नाव लिहिलं आणि पेन दाजींच्या खिशात परत ठेवलं.

मुलगी झाली. लहान, पण लाल. तिचं रडणं दारापर्यंत ऐकू आलं. श्वासासाठी तिला सहा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरबाईंनी स्टीलच्या ट्रेमध्ये वार आणून मला दाखवली. पडदा उजेडाकडे धरला. शीर त्याच्यावरून गेली होती, अखंड. मी मावशींना हात धरून आणलं. त्यांनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "आठव्याची हाय, जपा." ताईबद्दल एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. हापशावर बायकांना सगळं सांगितलं. ते रक्त ताईचं नव्हतं, घागरीचा काही संबंध नाही, तेव्हाच्या कागदावर पुन्हा या असं लिहिलेलं होतं. एक काकू कळशी डोक्यावर घेत म्हणाली, "आसंल बाई. पर घागर उचललीच होती ना तिनं." संतापानं मी तिथून निघाले.

मी सुईण आजीकडे गेले. ती उन्हात बसून तांदूळ निवडत होती. तिला कमी दिसायला लागलं होतं. मी काडीनं मातीत वार काढली, पडदा काढला, त्याच्यावरून रेघ काढली. तिनं डोळ्यांवर हात धरून वाकून बघितलं.

"पोरगी जगली?"

"जगली."

आजीनं माझ्या हातातून काडी घेतली आणि ती रेघ पुन्हा गिरवली, माझ्यापेक्षा जाड. "येवढी होती," ती म्हणाली. "म्या हाक मारल्ती सिस्टरला."