हाताची मालकी

करारातलं अकरावं कलम मी त्या आठवड्यात इतक्या वेळा वाचलं की पोळ्या लाटतानाही ते डोक्यात फिरायचं. ‘या कामासाठी तयार केलेले व या कामात वापरलेले सर्व साहित्य कायमस्वरूपी व जगभर कंपनीच्या मालकीचे राहील.’ ‘तयार केलेले’ इथवर माझी काही तक्रार नव्हती. ‘वापरलेले’ या शब्दानं माझं डोकं उठवलं.

मी कारखान्यांसाठी चित्रकार्डं काढते. नागापूरच्या एमआयडीसीत प्रेस मशीनवर काम करणारे निम्मे लोक बाहेरच्या राज्यांतले असतात. कुणाला मराठी कळत नाही, कुणाला वाचताच येत नाही, म्हणून हात कुठे ठेवायचा आणि कुठे नाही ते चित्रातून दाखवायचं. या कंपनीला छत्तीस कार्डं हवी होती. त्यातली पस्तीस मी नव्यानं काढणार होते. एकोणिसावं मात्र जुनं होतं.

त्या कार्डावर माझ्या वडिलांचा डावा हात आहे. दादा आयुष्यभर प्रेस ऑपरेटर होते आणि त्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. मी या धंद्यात नवीन असताना त्यांनी तो हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘काड.’ दुपारभर हलले नाहीत. आजवर ज्या ज्या कारखान्यात मी ते कार्ड दिलं, तिथले ऑपरेटर त्याच्यासमोर थबकतात. बाकीच्या कार्डांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, खरं सांगायचं तर. आता दादांना कंपवात आहे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. तो हात पुन्हा काढता येणार नाही.

श्रीरामपूरला माझी शाळेतली मैत्रीण वकील आहे. तिच्याकडे नव्वद टक्के जमिनीचीच कामं येतात. करार घेऊन मी एसटीनं तिच्याकडे गेले. तिनं चष्मा कपाळावर चढवून अकरावं कलम वाचलं.

‘तू त्यांची नोकर नाहीस. लेखी काही दिलं नाहीस तर चित्रं तुझीच,’ ती म्हणाली. ‘पैसे घेऊन फोटो काढले असतेस तर गोष्ट वेगळी होती. पण यावर सही केलीस की सगळं त्यांचं.’

‘आणि मी तेच चित्र परत काढलं तर?’

‘हुबेहूब काढलंस तर स्वतःच्याच चित्राची चोर ठरशील.’

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. ती म्हणाली, दोन वाटा आहेत. एक म्हणजे सरळ खरेदीखत. दिलं ते दिलं, मागे वळून बघायचं नाही. दुसरी, मालकी त्यांना द्यायची, पण तुला वापरायचा परवाना त्यांनी तुला परत द्यायचा. जमीन विकली तरी विहिरीच्या पाण्याचा हक्क लिहून ठेवतात ना, साधारण तसं. ‘फक्त चतुःसीमा नीट लिही,’ ती म्हणाली. ‘कुठलं चित्र, कशासाठी, किती काळ. परवान्यात जे लिहिलेलं नाही ते तुझं नाही.’

दुसरी वाट हवी, असं मी कंपनीला कळवलं. आठ दिवसांनी तिथल्या ट्रेनिंग ऑफिसरचा फोन आला. माणूस भला. ‘मॅडम, पुण्याचं लीगल डिपार्टमेंट तयार झालं. परवाना कायमचा, विनामूल्य, आणि आम्हाला तो काढून घेता येणार नाही. आता खूश?’ मी खूश झाले. इतकी की घरी येऊन दादांना सुधारलेलं कलम मोठ्यानं वाचून दाखवलं.

‘...निर्मातीला स्वतःच्या वापरासाठी.’

दादा म्हणाले, ‘परत वाच.’

वाचलं.

‘तू त्ये कार्ड घरात लावनार हाय का?’

‘घरात कशाला? कारखान्यांना देणार.’

‘मग वापर तुजा कसा? छापनार त्यो, लावनार त्यो. तुजा वापर निस्ता कपाटात ठिवायचा.’

माझा चेहराच पडला. इतकी वर्षं मी हा धंदा करते, वकिलाकडे जाऊन आले, आणि भोक सापडलं ते सातवी शिकलेल्या प्रेस ऑपरेटरला. मला माझीच लाज वाटली. चडफडत दुसऱ्या दिवशी सकाळीच नागापूर गाठलं आणि ‘व तिच्या ग्राहकांना वापरू देण्यासाठी’ एवढे शब्द वाढवा म्हणून ऑफिसरांपुढे बसले. त्यांनी तिथूनच पुण्याला फोन लावला. बराच वेळ नुसतं ‘हो सर, हो सर’ चाललं होतं.

‘देतात म्हणे,’ फोन ठेवून ते म्हणाले. ‘पण आमच्यासारखा माल बनवणाऱ्यांना द्यायचं नाही. कंपनीनं मालकी घ्यायची आणि शेजारच्यानं तेच कार्ड लावायचं, असं कसं चालेल?’

बोलणं रास्त होतं, हेच वाईट. पण आमच्यासारखा माल म्हणजे प्रेसवरचा माल, आणि माझी सगळी गिऱ्हाइकं प्रेसवालीच. मी उद्या सांगते म्हणाले.

घरी दादांना सांगितलं आणि वर हेही म्हणाले, की मी कंटाळले आहे, सही करून मोकळी होते. त्यांनी डावा हात उजव्या हातात धरला. तो थरथरायला लागला की ते तसंच करतात.

‘बोटं एका कंपनीला दिली,’ ते म्हणाले. ‘ऱ्हायल्याला हात दुसरीच्या नावावर करू नगं.’

मी कंपनीला लिहिलं: पस्तीस कार्डं पूर्ण तुमची, परवानाही परत नको. एकोणिसावं तुम्ही हवं तितकं छापा, हवं तितकी वर्षं लावा, फक्त मालकी माझी राहील. मला वाटलं होतं याला कोण नाही म्हणेल. उत्तर आलं, की दुसऱ्याच्या मालकीचं साहित्य कारखान्यात लावण्याचं कंपनीचं धोरण नाही, पस्तीसच द्यावीत.

पस्तीस दिली. सही करताना माझा हात अजिबात अडखळला नाही. त्यांच्यासाठी केलं होतं, त्यांचं झालं.

मागच्या महिन्यात कार्डं लावताना मला बोलावलं होतं. मोठ्या प्रेसवर एकोणिसाव्याच्या जागी त्यांनी पाटी लावली होती: ‘हात आत घालू नये.’ सुबक अक्षरांत, मराठीत. प्रेसवर बिहारचा, शाळेत कधी न गेलेला एक ऑपरेटर होता. मी त्याला विचारलं, यावर काय लिहिलंय? तो हसला आणि म्हणाला, कंपनी का नाम होगा.

मी घरी येऊन दादांना हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. ते जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून होते. मग म्हणाले, ‘दिऊन टाक. त्यांच्या नावावं.’

‘दादा, तुम्हीच म्हणाला होता...’

‘म्हनलो हुतो. आता ह्ये म्हनतो.’

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसरांना फोन केला. अकरावं कलम म्हणाल तसं, एकोणिसावं कार्ड पूर्ण तुमचं, परवाना नको, काही नको, फक्त लावा. ते म्हणाले, ‘मॅडम, करार बंद झालाय. आता नवीन मंजुरी घ्यावी लागेल. मी पुण्याला टाकतो.’

तेवीस दिवस झाले. सहीचा कागद तयार आहे, कार्ड छापून ठेवलंय. दादा सकाळी विचारतात, ‘आलं का काय?’ मी नाही म्हणते आणि चहा ठेवायला उठते. तिकडे तो मोठा प्रेस दोन पाळ्यांत चालतो, वर तीच पाटी.